बॅगभर गॅजेट आणि साडेसहाचा अलार्म

प्रश्न: सहा-सात महिने झाले, रात्री झोप लागायला दोन-दोन तास लागतात. बँड घेतला, व्हाइट नॉइजचं मशीन घेतलं, जड ब्लँकेट घेतलं, तो पिवळा चष्मा पण घेतला. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस बरं वाटतं मग परत तेच. आता तापमान बदलणारी स्मार्ट गादी घ्यायचा विचार आहे. घेऊ का? का नुसत्या रूटीनने खरंच फरक पडतो?

उत्तर:

गादीचं शेवटी सांगतो. आधी एका पेशंटची गोष्ट ऐका. मी झोपेच्या तक्रारींचेच पेशंट बघतो, बरीच वर्षं झाली, आणि तुमचं वाचताना मला एकदम तोच आठवला. नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळलेत. आपण त्याला नुसतं भाऊ म्हणू.

भाऊ आला तोच एक बॅग घेऊन. मला वाटलं जुने रिपोर्ट असतील, तर त्याने टेबलावर एकेक वस्तू काढून मांडायला सुरुवात केली. व्हाइट नॉइजचं मशीन, डोळ्यांवरची पट्टी, इअरप्लग तीन प्रकारचे, पिवळा चष्मा, पहाटेसारखा हळूहळू उजळणारा दिवा, तोंडाला लावायची टेप, आणि जड ब्लँकेट बॅगेत मावेना म्हणून त्याचा फोटो. मनगटावर बँड होता आणि बोटात अंगठी, तीही झोप मोजणारी. मी विचारलं दोन्ही कशाला, तर म्हणाला डॉक्टर, बँड चुकीचं दाखवतो असं वाटायला लागलं म्हणून अंगठी घेतली, मग दोघांचे आकडे जुळेनात, मग खरं कोण ते ठरवायला ही डोक्याला लावायची पट्टी घेतली. आणि ती पट्टी इतकी आवळते की रात्री तिनेच जाग येते!

हसू नका, माणूस खरंच वैतागलेला होता. झोपेपायी माणूस किती थकतो ते ज्याचं त्यालाच कळतं.

सुरुवात कुठून झाली ते विचारलं. दीड वर्षापूर्वी ऑफिसात एक प्रोजेक्ट डोक्यावर बसला होता, दोन महिने रात्री डोक्यात तेच चालायचं, झोप गेली. हे कोणाचंही होतं. पण प्रोजेक्ट संपला, टेन्शन गेलं, आणि झोप काही परत आली नाही. तिथून खरेदी सुरू झाली. आमच्याकडे हे नेहमीचं चित्र आहे: झोप बिघडवणारं कारण वेगळं असतं आणि ती बिघडलेलीच ठेवणारं कारण वेगळं असतं. पहिलं कधीच निघून गेलेलं असतं. दुसरं बहुतेक वेळा आपणच झोप सुधारावी म्हणून सुरू केलेलं काहीतरी असतं.

भाऊचं ते काहीतरी म्हणजे रात्री दहा वाजता अंथरुणात जाणं. बँडने आठ तासांचं टार्गेट दिलेलं, सकाळी सातला उठायचं, त्यात झोप लागायला वेळ लागतो म्हणून तासभर जास्तीचा धरून दहा. ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं ना? तिथेच घोळ होता.

पण त्याच्यावर येण्याआधी मी त्याला तेच विचारलं जे तुम्हालाही विचारतोय. घोरता का? झोपेत श्वास अडकतो असं घरातलं कोणी म्हणतं का? दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का, गाडी चालवताना डोळे मिटतात का? झोपताना पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही असं होतं का? यातलं काही असेल तर माझी पुढची गोष्ट बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करून घ्या, कारण स्लीप अॅप्निया असेल तर रूटीन कितीही पक्कं केलं तरी श्वास अडकायचा तो अडकतोच. आणि ती तोंडाला लावायची टेप, नाक चोंदलेलं असेल किंवा घोरण्याचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात लावू नका. भाऊची बायको सोबत आली होती, ती म्हणाली घोरत नाही, नुसता कुशी बदलतो आणि बँड बघतो. मग पुढे जायला हरकत नव्हती.

मी त्याला बँड, अंगठी, पट्टी तिन्ही काढून दोन आठवडे साधी वही लिहायला सांगितली. सकाळी उठल्यावर पाच ओळी: अंथरुणात कधी गेलो, अंदाजे किती वेळाने झोप लागली, मधे किती वेळ जागा होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरुणातून बाहेर कधी पडलो. अंदाजानेच, रात्री घड्याळ बघायचं नाही. तो म्हणाला, अहो माझ्याकडे सगळा डेटा आहे, मिनिटामिनिटाचा. मी म्हटलं तोच अडचण करतोय.

कसं ते सांगतो. मनगटावरचं किंवा बोटातलं यंत्र झोप थेट बघत नाही, ते हालचाल आणि नाडीचे ठोके बघून अंदाज बांधतं. लॅबमध्ये आम्ही डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतो, तेव्हा झोप आहे का जाग ते नीट कळतं. त्यामुळे तुम्ही गाढ झोपलात तर बँड बहुतेक बरोबर सांगतो, पण तुम्ही छताकडे बघत निपचित पडलात तर त्यालाही तो बऱ्याचदा झोपच समजतो. म्हणजे ज्याला झोप लागत नाही त्याच्याच बाबतीत तो जास्त चुकतो. आणि हलकी झोप इतकी, गाढ झोप इतकी हे आकडे तर अजूनच कच्चे. भाऊच्या बाबतीत उलटंही व्हायचं. सकाळी बरं वाटत असायचं, मग फोन उघडला की स्कोअर कमी दिसायचा आणि तिथून पुढे दिवसभर थकवा! अशा लोकांसाठी 2017 मध्ये अमेरिकेतल्या काही झोपतज्ज्ञांनी ऑर्थोसोम्निया असा शब्द काढला, म्हणजे मोजणीतली झोप परफेक्ट करायच्या नादात झोपेचीच धास्ती घेणं. तो काही अधिकृत आजार नाही, पण आजकाल दर थोड्या दिवसांनी असा एक पेशंट मी बघतो.

वही घेऊन आला तेव्हा आम्ही समोर बसून बेरीज केली. कामाच्या दिवसांत सरासरी रात्री 10 ते सकाळी 7, म्हणजे 9 तास अंथरुणात, मिनिटांत 540. त्यात झोप लागायला दोन-अडीच तास, मधे तीनच्या सुमाराला पाऊण-एक तास जाग. प्रत्यक्ष झोप सरासरी 5 तास 40 मिनिटं, म्हणजे 340 मिनिटं. 340 भागिले 540, साधारण 63 टक्के. याला आम्ही स्लीप एफिशियन्सी म्हणतो, अंथरुणातल्या वेळेपैकी झोपेचा वाटा किती. 85 च्या वर असेल तर ठीक. 63 म्हणजे रात्रीचे सव्वातीन तासांहून जास्त हा माणूस गादीवर जागा राहायची प्रॅक्टिस करत होता. आणि सुट्टीच्या दिवशी? दोन्ही दिवस दहापर्यंत लोळत पडलेला, आठवड्याची झोप भरून काढतो म्हणून.

आता यात काय होतं ते जरा नीट बघा, कारण गॅजेट इथे का हरतात ते यातच आहे. झोप दोन गोष्टींनी ठरते. एक म्हणजे झोपेची भूक. जितका वेळ जागे राहाल तितकी ती साठत जाते, आणि रात्री चांगली साठायला साधारण सोळा तास जाग लागते. दुसरं शरीरातलं घड्याळ, जे ठराविक वेळी झोपेचा दरवाजा उघडतं. भाऊ सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला उठला आणि रात्री दहाला अंथरुणात गेला तर बाराच तास झाले, भूक अर्धवट. वर घड्याळाचा प्रश्न. त्याला प्रत्यक्ष झोप लागायची साडेबाराच्या आसपास, म्हणजे त्याचं घड्याळ त्या वेळेवर लागलेलं. आणि गंमत अशी आहे की नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर उलट जास्त जागं असतं, दिवसभर साठलेल्या झोपेला घड्याळ तेव्हा सगळ्यात जोरात थोपवून धरतं. भाऊ नेमका त्याच वेळात रोज दिवा मालवून पडत होता. दरवाजा बंद असताना धडका मारण्यासारखं. त्यात कानात समुद्राचा आवाज लावा, अंगावर जड ब्लँकेट घ्या, दरवाजा त्याने उघडत नाही.

मग प्रत्येक वस्तू चार-पाच दिवस कामाला येते ती कशी? हा त्याचाही प्रश्न होता आणि तुमचाही आहे. बघा, नवीन वस्तू माणूस कधी घेतो? सगळ्यात वाईट आठवड्यानंतर. तोपर्यंत झोपेची भूक इतकी साठलेली असते की पुढच्या दोन-चार रात्री तशाही बऱ्याच जाणार असतात, श्रेय वस्तूला मिळतं. शिवाय आज झोप लागेल अशी आशा असते त्यामुळे काळजी कमी, तेवढीच मदत. मग एक रात्र खराब जाते, विश्वास उडतो, दुसऱ्या वस्तूचा शोध सुरू.

पिवळ्या चष्म्याचं तर काय सांगू, तो चष्मा लावून हा रात्री अकराला अंथरुणात ऑफिसचे मेल वाचायचा. निळा प्रकाश अडला असेल, बॉसचा मेल कुठे अडला!

तर उपाय. मी त्याला म्हटलं उद्यापासून रात्री साडेबाराच्या आधी अंथरुणात जायचं नाही आणि सकाळी साडेसहाला उठायचं, सुट्टी असो नसो, झोप लागली असो नसो. सहा तास. 5 तास 40 मिनिटांत थोडी सूट धरून सहा. भाऊचा चेहरा बघण्यासारखा झाला, म्हणाला मी झोप वाढवायला आलो आणि तुम्ही कमी करताय! पण झोप कमी होत नाही, जागं पडून राहणं कमी होतं. ही पद्धत माझी नाही, आर्थर स्पीलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये मांडलेली आहे, आणि आज जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी जी थेरपी सुचवतात तिचा हा मोठा भाग आहे. दुसरा भाग रिचर्ड बूटझिनचा, 1972 मधला: अंथरूण फक्त झोपेसाठी (आणि नवराबायकोच्या गोष्टींसाठी), फोन, मेल, विचार बाहेर, आणि पडल्यावर साधारण वीस मिनिटं गेली असं वाटलं, घड्याळ न बघता हां, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करत बसायचं, पेंग आली की परत यायचं. उठायची वेळ मात्र हलत नाही. त्यात सगळ्यात महत्त्वाची ती सकाळची वेळच आहे. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, झोप यायची तेव्हा येते, पण उठायची वेळ आपण ठरवू शकतो, आणि घड्याळ तिथूनच लागतं, विशेषतः उठल्यावर लगेच बाहेरच्या उजेडात गेलं तर.

इथे एक सावधगिरी सांगतोच. अंथरुणातल्या वेळेची ही खिडकी मी साडेपाच तासांच्या खाली कधी नेत नाही. ज्याला फिट्स येतात, बायपोलरचा त्रास आहे, झोपेत चालायची सवय आहे, किंवा ज्याचं काम ट्रक चालवणं, यंत्रावर उभं राहणं असं आहे, त्याने हे मनाने करू नये, कारण पहिले दहा-बारा दिवस दिवसा खरोखर पेंग येते. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्याही अचानक बंद करायच्या नाहीत.

पहिला आठवडा भाऊने मला मनातून शिव्या दिल्या असतील. रात्री दहा ते साडेबारा करायचं काय हाच त्याचा मोठा प्रश्न होता, सोफ्यावर बसल्या बसल्या डोळा लागायचा, मग बायकोला ड्यूटी दिली की लागला तर हलवायचं, कारण नऊ वाजताची वीस मिनिटांची डुलकी म्हणजे जेवायच्या आधी पोट भरण्यासारखं. त्या आठवड्यात सरासरी झोप 5 तास 10 मिनिटं. म्हणजे आधीपेक्षा अर्धा तास कमी! त्याने फोन करून सांगितलं की हे उलटं चाललंय. मी म्हटलं भागाकार करा. 310 भागिले 360, 86 टक्के. त्रेसष्टवरून शहाऐंशी. पडल्यावर किती वेळात झोप लागते विचारलं तर क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, खरं सांगायचं तर लक्षात नाही, पडतो आणि जातो.

ते लक्षात नसणं मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि अजूनही ऐकायला आवडतं.

तरी मी लगेच वेळ वाढवली नाही, एक आठवड्याचा आकडा कधीकधी फसवतो. दुसऱ्या आठवड्यात 5 तास 20 मिनिटं झाली, एफिशियन्सी 89. मग पंधरा मिनिटं दिली, झोपायची वेळ सव्वाबारा. उठायची तीच साडेसहा. नियम साधा आहे, आठवड्याची सरासरी 85 च्या वर असेल तर पंधरा मिनिटं आधी झोपायचं, 80 ते 85 मध्ये असेल तर आहे तसंच ठेवायचं, 80 च्या खाली गेली तर पंधरा मिनिटं काढून घ्यायची. चौथ्या आठवड्यात बारावर आलो.

पाचव्या आठवड्यात गाडी घसरली. एका सुट्टीच्या दिवशी हा सकाळी साडेनऊपर्यंत झोपला. एकच दिवस. त्या रात्री बारा वाजता पडला आणि दोन वाजेपर्यंत जागा, दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन बेजार, मग भरपाई म्हणून रात्री दहाला अंथरुणात, परत जागा. तीन रात्रींत सगळी जुनी दुनिया परत. आणि चौथ्या दिवशी त्याने काय केलं असेल? कपाटातून अंगठी काढून घातली! म्हणे नक्की काय बिघडलं ते बघतो. मी म्हटलं वही उघडा, बिघडलं ते सुट्टीच्या सकाळी नऊ तीसला लिहिलेलं आहे. अशा वेळी करायचं एवढंच की रात्र कशीही गेली तरी दुसऱ्या दिवशी उठायच्या वेळेला उठायचं आणि भरपाई करायची नाही, भूक साठली की पुढची नाहीतर त्याच्या पुढची रात्र आपोआप सावरते. तो आठवडा आणि पुढचा आठवडा बारावरच थांबलो. नंतर पावणेबारा, आठव्या आठवड्यात साडेअकरा.

तिथे थांबलो, कारण साडेअकरा ते साडेसहा सात तासांत त्याला 6 तास 20 मिनिटं झोप येत होती, 90 टक्क्यांच्या आसपास, आणि दिवसा पेंग नाही. अजून पंधरा मिनिटं वाढवून बघितली होती तर ती जागेपणातच गेली, म्हणून मागे घेतली. बँडचं आठ तासांचं टार्गेट त्याने कधीच गाठलं नाही. रात्री एकदा जाग अजूनही येते, तशी ती बहुतेकांना येते, आता तो कुशीवर वळतो आणि परत झोपतो.

बॅगेतलं सगळंच फालतू होतं असं मी म्हणणार नाही. उजळणारा दिवा त्याने ठेवला, साडेसहाला उठायला त्याला बरा पडतो, आणि तो दिवा उठायच्या वेळेसाठी आहे म्हणूनच चालला असं माझं मत. शेजारी आवाज करणारा असेल तर इअरप्लग किंवा व्हाइट नॉइज जरूर वापरा, खोलीत उजेड येत असेल तर डोळ्यांची पट्टी. या वस्तू बाहेरची एखादी ठराविक अडचण अडवतात, तेवढं काम त्या करतात. जड ब्लँकेटमध्ये त्याला घाम फुटायचा, ते त्याच्या मेहुण्याकडे गेलं, त्याला म्हणे फार आवडतं. बँड तो चालायची पावलं मोजायला घालतो, रात्री काढून ठेवतो.

आता तुमची गादी. सध्याची गादी मधे खचली असेल किंवा सकाळी पाठ धरत असेल तर साधी चांगली गादी घ्या, त्यासाठी ती स्मार्ट असायची गरज नाही. रात्री गरम होऊन जाग येत असेल तर खोली आणि पांघरूण आधी बघा. पण तुम्ही लिहिलंय की झोप *लागायलाच* दोन तास लागतात, आणि तुम्ही अंथरुणात किती वाजता जाता आणि सुट्टीच्या दिवशी किती वाजता उठता हे मात्र कुठेच लिहिलं नाही. चौदा दिवस वही लिहा, वरच्या पाच ओळी, बँड काढून. मग अंथरुणातला वेळ आणि झोपेचा वेळ असे दोनच आकडे इथे टाका, आणि घोरण्याचं घरी विचारून तेही लिहा, पुढचं सांगतो.